6 लाख व्ह्यूजला साडेपाच हजार, 38 हजार व्ह्यूजला अठराशे: फरक नेमका कुठून येतो

प्रश्न: दादा, आम्ही दोघे भाऊ यावल तालुक्यातून एक यूट्यूब चॅनेल चालवतो. अहिराणी कॉमेडीच्या 4 मिनिटांच्या व्हिडिओला 6,20,000 व्ह्यूज आले आणि मिळाले जेमतेम 5,400 रुपये. केळीवरच्या करप्याच्या 11 मिनिटांच्या व्हिडिओला फक्त 38,000 व्ह्यूज, पण त्याचे 1,800 आले. स्टुडिओत कॉमेडीला Estimated monetized playbacks 2,35,600, Playback-based CPM ₹42 आणि CPM ₹38 दिसतो. केळीला तेच आकडे 19,760, ₹165 आणि ₹75 आहेत. हा फरक विषयामुळे, देशामुळे की लांबीमुळे? आमचा मावसभाऊ अमेरिकेत आहे, तिकडून व्ह्यूज आणले तर रेट वाढेल का? आणि कॉमेडी ओढूनताणून 8 मिनिटांची करावी का?

उत्तर:

भाऊ, तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसते व्ह्यूज आणि रुपये सांगतात, आणि मग उत्तर देणाऱ्यालाही अंदाजच बांधावा लागतो. तुमच्या या सहा आकड्यांतून फरकाची अगदी फोड करून दाखवता येते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. यूट्यूब व्ह्यूजचे पैसे देत नाही. पैसे देतो जाहिरातदार, आणि तो देतो जाहिरातीचे. तुमचा व्हिडिओ कुणी पाहिला पण त्या वेळी एकही जाहिरात लागली नाही, तर तो व्ह्यू मोजला जातो, पैसा मात्र शून्य. म्हणून स्टुडिओत तीन वेगळे आकडे असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. CPM म्हणजे जाहिरात 1000 वेळा दाखवली की जाहिरातदाराच्या खिशातून किती गेले. Playback-based CPM म्हणजे व्हिडिओ जाहिरातीसकट 1000 वेळा पाहिला गेला तर किती गेले. एका वेळच्या पाहण्यात दोन-तीन जाहिराती लागल्या तर हा आकडा CPM पेक्षा मोठा होतो. आणि RPM म्हणजे सगळे व्ह्यूज धरून, जाहिरात लागलेले आणि न लागलेले, दर हजारी तुमच्या हातात किती पडले.

लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशातले 55 टक्के तुमचे, 45 टक्के यूट्यूबचे. म्हणून हिशेब असा मांडायचा:

```
RPM ≈ (Estimated monetized playbacks ÷ Views) × Playback-based CPM × 0.55
```

कॉमेडीचं करून पाहू. 2,35,600 भागिले 6,20,000 म्हणजे 38 टक्के. शंभर जणांनी पाहिलं, त्यातल्या 38 जणांनाच जाहिरात लागली. 0.38 गुणिले 42 गुणिले 0.55 केलं की येतात 8.78 रुपये. ते 620 हजारांनी गुणलं की 5,440 च्या आसपास, म्हणजे तुमचे 5,400 जुळले. केळीचं पाहा: 19,760 भागिले 38,000 म्हणजे 52 टक्के. 0.52 गुणिले 165 गुणिले 0.55 म्हणजे 47.19 रुपये, आणि 38 हजार व्ह्यूजचे झाले 1,793. तेही जुळलं. काही रुपये इकडेतिकडे होतात, कारण आकडे गोल केलेले असतात, आणि RPM मध्ये प्रीमियम सदस्यांकडून येणारा हिस्सा, मेंबरशिप, सुपर चॅट हेही धरलेलं असतं.

म्हणजे केळीचा रेट कॉमेडीच्या साधारण 5.4 पट आहे. आता ही 5.4 पट कुठून आली ते पाहू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच फोडीत आहे.

एका जाहिरातीचा भाव कॉमेडीवर हजारी 38 आणि केळीवर 75. ही जवळजवळ 2 पट. एका पाहण्यात किती जाहिराती लागल्या ते काढायला Playback-based CPM ला CPM ने भागा. कॉमेडीचे 42 भागिले 38 म्हणजे 1.1 जाहिरात, केळीचे 165 भागिले 75 म्हणजे 2.2 जाहिराती. हीसुद्धा 2 पट. आणि जाहिरात लागण्याचं प्रमाण 38 वरून 52 टक्के, म्हणजे 1.37 पट. 2 गुणिले 2 गुणिले 1.37 केलं की साडेपाचच्या अलीकडे येतं, तेच हे 5.4. पहिली 2 पट विषयाची आणि त्या विषयामागून येणाऱ्या प्रेक्षकाची. दुसरी 2 पट मुख्यतः लांबीची. उरलेली 1.37 पट दोन्हींची मिळून. देशाचा हात इथे जवळपास नाही, कारण यावलची केळी काय आणि अहिराणी कॉमेडी काय, दोन्हीचे प्रेक्षक खान्देश, नाशिक, पुणे आणि सुरत इथलेच असणार. सुरतेत आपले कितीही लोक असले तरी जाहिरातदाराच्या हिशेबात तो भारतच.

विषयाचा भाव कसा ठरतो

प्रत्येक वेळी कुणी व्हिडिओ उघडतो तेव्हा त्या क्षणी, त्या माणसासाठी लिलाव होतो. आपल्याकडे केळीचा भाव रावेरला जसा रोज नव्याने ठरतो, तसाच, फक्त इथे तो दर पाहणाऱ्यामागे ठरतो. ठिबकची कंपनी, खतवाले, ट्रॅक्टरवाले, टिश्यू कल्चर रोपांवाले, पीक कर्ज देणारी बँक, हे सगळे "शेती पाहणारा, महाराष्ट्रातला, मराठी समजणारा" माणूस शोधत असतात. तुमचा करप्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणारा माणूस म्हणजे ज्याच्या बागेत करपा आहे असा माणूस. तो या महिन्यात औषधावर, फवाऱ्यावर पैसे खर्च करणारच आहे. अशा एका गिऱ्हाइकातून कंपनीला काही हजारांची विक्री होते, म्हणून ती त्याच्यासाठी जास्त बोली लावते.

कॉमेडी पाहणारा कोण, हे व्हिडिओवरून कळत नाही. कॉलेजचा पोरगा आहे, ड्रायव्हर आहे, स्वयंपाकघरात फोन भिंतीला टेकवून ठेवलेली ताई आहे. त्याच्यासमोर गेमची, ॲपची, साबणाची जाहिरात येते. या जाहिरातदारांना खूप लोक हवे असतात, पण एका माणसामागे ते फार मोजत नाहीत.

त्यात भाषेची एक अडचण आपल्या लोकांनी समजून घ्यायला हवी. जाहिरातदाराला गूगल ॲड्समध्ये मराठी, हिंदी, गुजराती या भाषा निवडता येतात. अहिराणी त्या यादीत नाही. म्हणजे अहिराणी प्रेक्षकांसाठी खास बोली लावायची कुणाला इच्छा असली तरी त्याला तशी सोय नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण अहिराणी व्हिडिओंवर लोकांचं किती प्रेम आहे हे मी रोज पाहतो. म्हणून अहिराणी सोडा असं मी कधीच सांगणार नाही. पण व्हिडिओचं शीर्षक आणि वर्णन मराठीत नीट लिहा, म्हणजे विषय काय आहे हे तरी यंत्रणेला कळेल.

आणखी एक कारण आहे जे फार थोडे लोक सांगतात. स्किप करता येणाऱ्या बऱ्याच जाहिरातींत जाहिरातदार तेव्हाच पैसे देतो जेव्हा पाहणारा 30 सेकंद थांबतो, किंवा जाहिरात त्याहून लहान असेल तर ती पूर्ण पाहतो, किंवा तिच्यावर दाबतो. 5 सेकंदांनी स्किप केली तर जाहिरात दिसली खरी, पण कमाई नाही. विनोद ऐकायला आलेला माणूस पाचव्या सेकंदाला बोट तयारच ठेवतो. केळीवाला शेतकरी मात्र ठिबकच्या नळीची जाहिरात ऐकत बसतो, कारण ती त्याच्या कामाची असते. म्हणून विषय आणि जाहिरात जुळली की भाव आणखी वर जातो.

याच कारणासाठी जळगावच्या सराफ बाजाराजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने सोन्याचं हॉलमार्क कसं तपासायचं यावर व्हिडिओ सुरू केले, तेव्हा त्याचा रेट त्याच्याच जुन्या व्लॉगपेक्षा खूप वर गेला. सोनं घ्यायला निघालेला माणूस दागिनेवाल्यांनाही हवा असतो आणि गोल्ड लोनवाल्यांनाही. विमा, कर्ज, गुंतवणूक, प्लॉट, परदेशी शिक्षण हे विषय महाग असतात ते याचमुळे: एक गिऱ्हाईक मिळालं तर कंपनीची कमाई मोठी.

पण इथे एक मोठी चूक होते, आणि तुमच्यासारख्या मिश्र चॅनेलवर ती हमखास होते. कुणीतरी सांगतं "विम्यावर बनवा, रेट दहापट आहे", आणि कॉमेडीच्या चॅनेलवर अचानक विम्याचा व्हिडिओ येतो. तो दाखवला कुणाला जातो? त्याच कॉमेडीच्या प्रेक्षकांना. त्यांना विमा नको असतो. ते 20 सेकंदांत निघून जातात, व्हिडिओ पुढे ढकलला जात नाही, आणि बोली लावणाऱ्यालाही तिथे त्याचं गिऱ्हाईक सापडत नाही. विषय बदलला, माणसं तीच राहिली, की रेट फारसा हलत नाही. म्हणून केळी आणि कॉमेडी दोन वेगळ्या चॅनेलवर न्यावीत असं माझं मत आहे. तुमच्या केळीच्या व्हिडिओला 52 टक्क्यांवरच जाहिरात लागली, त्याचं एक कारण मला हेही वाटतं की त्यातले बरेच व्ह्यूज कॉमेडीच्या सबस्क्रायबरचे असावेत.

केळीच्या भावात हंगामही असतो. मृगबागेची लागवड जून-जुलैत आणि कांदेबागेची ऑक्टोबरच्या सुमारास. त्याच्या आधीचे चार-सहा आठवडे रोपं, ठिबक आणि खतवाल्यांची बोली वाढलेली मी पाहतो. सगळ्याच विषयांत दिवाळीच्या तोंडावर भाव चढतो आणि जानेवारीत एकदम उतरतो, कारण कंपन्यांची वर्षाची बजेटं नव्याने सुरू होतात. म्हणून ऑक्टोबरचा व्हिडिओ जानेवारीच्या व्हिडिओशी ताडून विषय चांगला की वाईट हे ठरवू नका. एकाच महिन्यातले दोन व्हिडिओ ताडा.

अमेरिकेतला मावसभाऊ

देशाचा फरक तुमच्या दोन व्हिडिओंत दिसत नाही, पण तो असतो आणि मोठा असतो. मी एका ताईंचं खान्देशी स्वयंपाकाचं चॅनेल सांभाळतो. भरीत, कळण्याची भाकरी, खापरावरची पुरणपोळी, शेवभाजी असे व्हिडिओ. त्यांच्या एका भरताच्या व्हिडिओचे आकडे गोल करून देतो. एक लाख व्ह्यूज आले. त्यातले 92,000 भारतातले, RPM 18 रुपये, म्हणजे 1,656 रुपये. 4,000 अमेरिकेतले, RPM 260, म्हणजे 1,040 रुपये. उरलेले 4,000 आखाती देश, ब्रिटन वगैरे मिळून, RPM 70, म्हणजे 280 रुपये. एकूण 2,976.

शंभरातले चार व्ह्यूज अमेरिकेचे, पण पैशात त्यांचा वाटा 35 टक्के. ताईंना सगळ्या व्हिडिओचा सरासरी RPM 29.76 दिसत होता, आणि त्यांना वाटत होतं आपल्या भरताला तीस रुपये भाव आहे. खरं म्हणजे तीस रुपये भाव कुठल्याच देशात नव्हता. पुढच्या महिन्यात तोच व्हिडिओ खान्देशात अजून पसरला, भारतातून एक लाख व्ह्यूज वाढले, अमेरिकेचे तेवढेच राहिले, आणि RPM 24 च्या खाली आला. त्या घाबरून गेल्या. पण भारतातला रेट 18 चा 18 च होता आणि एकूण पैसे वाढले होते. फक्त मिश्रण बदललं होतं.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. स्टुडिओत Analytics उघडा, व्हिडिओ निवडा, Advanced mode मध्ये जा आणि Geography वर या. तिथे देशागणिक Views, RPM आणि Playback-based CPM हे कॉलम लावा. फोनवरच्या ॲपपेक्षा कंप्युटरवर हे नीट दिसतं. सायबर कॅफेत बसून करा पण एकदा करा.

अमेरिकेचा रेट का जास्त? तिथल्या प्रेक्षकासाठी बोली लावणाऱ्या कंपन्या जास्त, आणि एका गिऱ्हाइकाकडून त्यांना मिळणारे डॉलर जास्त. यात तुमच्या चॅनेलचा देश कुठला याचा काही संबंध नाही. भाव पाहणारा जिथे बसला आहे तिथला लागतो. म्हणून सेटिंगमध्ये चॅनेलचा देश अमेरिका करून रेट वाढत नाही. असा सल्ला देणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, ते सोडून द्या.

तुमच्या मावसभावाने तिकडच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि लोकांनी आवडीने पाहिलं, तर ते व्ह्यूज खरे आहेत आणि त्यांचा भावही अमेरिकेचाच लागेल. पण त्याला दोन गोष्टी सांगू नका: रोज व्हिडिओ लावून ठेव, आणि जाहिरातीवर दाब. तसंच इथे बसून व्हीपीएनने अमेरिकेचा व्ह्यू आणायचाही प्रयत्न करू नका. यूट्यूब अशा व्ह्यूजला अवैध ट्रॅफिक धरतं. महिन्याच्या मध्यात दिसलेली रक्कम शेवटी कापली जाते, आणि फार झालं तर मॉनेटायझेशनच जातं. ते परत मिळवताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो, मी पाहिलं आहे.

आणि दहा-बारा लोकांचा ग्रुप काय करू शकेल हेही मोजा. करप्याचा व्हिडिओ अमेरिकेतल्या मराठी माणसाला कशाला हवा? त्याला भरीत हवं आहे. हिरवी वांगी काड्यांवर भाजताना, बडगीत ठेचताना त्याला आपलं गाव दिसतं. देशाचा रेट विषयातूनच मिळतो: तिकडच्या माणसाला ज्याची ओढ आहे तो विषय असला, तरच तिकडून व्ह्यूज येतात. तुमच्या घरी आई किंवा वहिनी चुलीवर करत असतील तर तो वेगळा विचार करण्यासारखा आहे, केळीला मात्र हा रस्ता नाही.

अमेरिकेच्या पैशावर तिथला कर कापला जातो, हेही लक्षात ठेवा. 2021 पासून गूगल अमेरिकन प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर कर कापतं. ॲडसेन्समध्ये W-8BEN फॉर्म भरून, पॅन देऊन, भारताच्या कराराचा फायदा मागितला तर तो 15 टक्के असतो आणि फक्त अमेरिकेतल्या कमाईवर. ताईंच्या उदाहरणात 1,040 चे 156 रुपये. फॉर्मच भरला नाही, तर सगळ्या जगातल्या एकूण कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कापू शकतात, म्हणजे यावलमधून आलेल्या व्ह्यूजचेही. तुम्ही हा फॉर्म भरला आहे का ते आजच पाहा.

8 मिनिटांचा प्रश्न

जुलै 2020 पूर्वी व्हिडिओच्या मध्ये जाहिरात टाकायला तो 10 मिनिटांचा लागायचा, तेव्हापासून 8 मिनिटांचा चालतो. त्याखाली फक्त सुरुवातीला आणि शेवटी जाहिरात येऊ शकते, आणि शेवटची पाहायला कोण थांबतं! म्हणून तुमच्या कॉमेडीला 1.1 आणि केळीला 2.2.

मग कॉमेडी 8 मिनिटांची करायची का? मी हे करून पाहिलं आहे, आणि त्यात आमचं नुकसान झालं. नियम बदलल्यावर मी ताईंना सांगितलं, सगळं 8 मिनिटांच्या वर न्या. त्यांचा 6 मिनिटांचा भरताचा व्हिडिओ आम्ही परत केला, 8 मिनिटं 20 सेकंदांचा. वांगी बाजारातून आणली ते दाखवलं, धुताना दाखवलं, मिरच्या निवडताना दाखवलं. जुन्याला महिन्यात 50,000 व्ह्यूज होते आणि RPM 22, म्हणजे 1,100 रुपये. नव्याचा RPM 27 झाला आणि मला आनंद झाला. पण व्ह्यूज आले 31,000. पैसे झाले 837. रेट वाढला, कमाई घटली. लोक भाजणं सुरू व्हायच्या आधीच निघून जात होते, आणि लोक निघून गेले की यूट्यूब तो व्हिडिओ पुढच्यांना दाखवत नाही.

शिवाय मधली जाहिरात तेव्हाच लागते जेव्हा पाहणारा तिथपर्यंत पोहोचतो. व्हिडिओ 8 मिनिटांचा आहे पण सरासरी माणूस अडीच मिनिटांत जातो, आणि तुमची जाहिरात चौथ्या मिनिटाला आहे, तर बहुतेकांच्या बाबतीत ती जागा रिकामीच. म्हणून आधी Audience retention चा आलेख पाहा. कॉमेडीत चौथ्या मिनिटाला शंभरातले 45-50 लोक उरत असतील, तर पुढे वाढवण्यात अर्थ आहे. 25 उरत असतील तर हात लावू नका. आणि वाढवायचंच तर एकाच विनोदाला पाणी घालून नको. सासू-सुनेचे, पारावरचे, लग्नातले असे दोन-तीन छोटे प्रसंग एका धाग्यात ओवा, म्हणजे प्रत्येक प्रसंग संपताना जाहिरातीला आपोआप जागा मिळते.

केळीच्या व्हिडिओत लांबी तुमच्या बाजूने आहे, कारण तिथे सांगायला खरोखर 11 मिनिटांचं आहे. तिथे जाहिरात कुठे टाकायची हे स्वतः ठरवा, सगळं आपोआपवर सोडू नका. करप्याचे ठिपके पानावर दाखवून झाले, आता फवारणीचं प्रमाण सांगणार, त्या दोघांच्या मधली जागा चांगली. एक विषय संपलेला असतो, आणि पुढचं ऐकायचं असतं म्हणून माणूस थांबतो. "एका पंपाला किती मिली" हे वाक्य अर्धवट तोडून मध्येच जाहिरात आली, की शेतकरी चिडून बंद करतो. मे 2025 पासून यूट्यूबही वाक्याच्या किंवा हालचालीच्या मध्येच टाकलेल्या जागांवर कमी जाहिराती लावतं आणि नैसर्गिक थांब्यांवर जास्त. 11 मिनिटांत दोन, फार तर तीन जागा पुरेत. आणि जागा ठेवली म्हणजे जाहिरात लागलीच असं नाही, त्या क्षणी बोली लावणारा नसेल तर ती रिकामी जाते.

उभ्या व्हिडिओचा खड्डा

कॉमेडीचे काही तुकडे तुम्ही फोन उभा धरून काढत असाल तर हे वाचा. 15 ऑक्टोबर 2024 पासून 3 मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट्समध्ये जातो. म्हणजे अडीच मिनिटांचा उभा प्रसंग टाकला तर तो शॉर्ट झाला, आणि त्याचा हिशेबच वेगळा. शॉर्ट्समध्ये तुमच्या व्हिडिओला स्वतःची जाहिरात नसते. दोन शॉर्ट्सच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातींचे पैसे एकत्र जमा होतात, गाणी वापरली असतील तर त्यातला वाटा संगीतवाल्यांकडे जातो, उरलेले व्ह्यूजप्रमाणे चॅनेलना वाटले जातात आणि तुमच्या वाट्याचे 45 टक्के तुम्हाला मिळतात. हजार व्ह्यूजना मिळणारी रक्कम लांब व्हिडिओच्या मानाने फारच थोडी असते. त्यामुळे एखादा शॉर्ट वीस लाखांवर गेला की पूर्ण चॅनेलचा RPM कोसळलेला दिसतो. तो कोसळलेला नसतो, शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओ वेगळे करून पाहा.

तोच प्रसंग आडवा काढला तर तो लांब व्हिडिओ म्हणून मोजला जातो. आणि अहिराणी कॉमेडीत मागे लग्नातलं गाणं वाजत असेल आणि त्यावर कॉपीराइट क्लेम आला, तर त्या व्हिडिओचे पैसे पूर्ण किंवा काही भाग गाण्याच्या मालकाकडे जातात. व्ह्यूज लाखांत आणि Estimated revenue शून्य दिसलं, तर विषय, देश, लांबी शोधण्याआधी Restrictions चा कॉलम पाहा. शिव्यांमुळे पिवळं चिन्ह आलं असेल तर तेही तिथेच Monetization च्या रकान्यात दिसेल.

तर आता तुम्ही असं करा. केळीसाठी वेगळं चॅनेल काढा. त्याला मॉनेटायझेशन मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास लागतील, म्हणून तोपर्यंत जुन्या चॅनेलवर केळी बंद करू नका, पण नवा व्हिडिओ आधी नव्या चॅनेलवर टाका. कांदेबागेच्या लागवडीआधी खोड निवडण्यापासून बेसल डोसपर्यंतचा एक 10-12 मिनिटांचा व्हिडिओ करा, दोन जाहिराती वर सांगितल्या तशा ठिकाणी ठेवा. कॉमेडी 4 मिनिटांचीच राहू द्या, मात्र आडवी आणि गाण्याशिवाय. नव्या चॅनेलला मॉनेटायझेशन मिळून 28 दिवस झाले की दोन्हींचे तेच तीन आकडे परत काढा, आणि ते पुढच्या महिन्याच्या 12 तारखेनंतर काढा. त्याआधीची रक्कम अंदाजाची असते, पक्का हिशेब 7 ते 12 तारखेच्या दरम्यान लागतो. केळीचं प्रमाण 52 टक्क्यांवरून वर गेलं आणि CPM 75 च्या पुढे सरकला, तर प्रेक्षक वेगळे करण्याचा उपयोग झाला असं समजा. CPM तोच राहून फक्त एका पाहण्यातल्या जाहिराती वाढल्या, तर ती वाढ लांबीची आहे. आकडे आले की इथेच टाका, मी बघतो.